मोबाइलमधली मेहंदी हातावर उतरवताना

पूर्वी लग्नघरात मेहंदीवाली आली की पिशवीतून पातळशी पुस्तिका काढायची. नवरी पाने चाळायची, एका चित्रावर बोट ठेवायची आणि काम सुरू व्हायचे. आता नवरी मोबाइल पुढे करते. त्यातली मेहंदी कुणाच्याही हातावर कधी लागलेली नसते. मुलीने एआयच्या अॅपला चार ओळी लिहून आपली कल्पना सांगितलेली असते आणि अॅपने अर्ध्या मिनिटात चित्र तयार करून दिलेले असते. चित्र खरोखर देखणे असते. मेहंदीवाली ते बघते, दोन बोटांनी मोठे करून पुन्हा बघते आणि गप्प होते.

तिच्या गप्प होण्याचे कारण आम्हाला गेल्या हिवाळ्यात भाचीच्या निकाहच्या तयारीत नीट समजले. पुस्तिकेतले डिझाइन कुणीतरी कोनाने काढलेले असायचे, म्हणून दुसऱ्या कुणाला ते कोनाने काढता यायचे. एआयच्या चित्राला कोन ठाऊकच नसतो. त्याने मेहंदीची हजारो छायाचित्रे पाहून मेहंदीसारखे दिसणारे काहीतरी रंगवलेले असते. त्यातली रेघ कुठून निघाली आणि कुठे संपली, याचा पत्ता लागत नाही. तरीही मुलीच्या मनात काय आहे ते त्या चित्रातून जितके स्पष्ट कळते तितके तिच्या बोलण्यातून कळत नाही. म्हणून चित्र टाकून देऊ नये. चित्रातून मांडणी घ्यावी, आणि रेघा मेहंदीवालीच्या हाताच्या असाव्यात. हे कसे जमवायचे, ते त्या एका नक्षीवरून सांगतो.

भाचीला तळहातावर अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची जाळी हवी होती. १५७२-७३ साली बांधलेल्या या मशिदीच्या अर्धगोल खिडकीत दगडात कोरलेले एक झाड आहे आणि त्याच्या वळणावळणाच्या फांद्या एकमेकींत गुंतून सगळी कमान भरून टाकतात. कॉलेजच्या सहलीत पाहिल्यापासून ते झाड तिच्या डोक्यात होते. कल्पना चांगली होती, कारण तळहाताचा आकार कमानीला साजेसा असतो. मनगटाशी बुंधा आणि बोटांच्या मुळाशी कमानीची गोलाई, असे ते आपोआप बसते.

तिने पहिल्यांदा अॅपला लिहिले, 'नवरीच्या हातावर झाडाच्या जाळीची सुंदर मेहंदी.' चित्र आले त्यात एका हाताला सहा बोटे होती, मनगटावर दोन मोर होते आणि बांगड्यांखाली डोली. आमच्याकडे मेहंदीत मोर किंवा माणसांचे चेहरे काढत नाहीत, म्हणून तिने 'मोर नको' असे लिहिले. पुढच्या चित्रात तीन मोर आले! यात नवल नाही. ही अॅप्स 'नको' हा शब्द बऱ्याचदा धड पाळत नाहीत, मोराचे नाव मात्र उचलतात. नको त्या वस्तूचे नाव न घेता हवे तेवढेच लिहिणे बरे. दुसरे म्हणजे, हातावरची मेहंदी मागितली की अॅपची निम्मी मेहनत हात, बांगड्या आणि उजेड रंगवण्यात जाते. नक्षी बोटांबरोबर वाकते, सावलीत बुडते आणि आपल्याला ती उतरवून घेता येत नाही. म्हणून हात मागूच नये, कागदावरची नक्षी मागावी. शेवटी कामाला आल्या त्या ओळी अशा होत्या:

```
कागदावर काळ्या शाईने काढलेली सपाट नक्षी.
अर्धगोल कमान, आत एकच झाड, वळलेल्या फांद्या.
रेघ सगळीकडे एकसारख्या जाडीची, कागद कोरा पांढरा.
```

यातून आठ-दहा चित्रे निघाली, त्यातले एक तिने निवडले. निवडताना आम्ही तिला एकच गोष्ट सांगितली. मोबाइल हातभर लांब धरून बघ. त्या अंतरावरून झाड आणि कमान वेगळी ओळखू आली तर चित्र घे, सगळा गिचमिड करडा ठिपका दिसला तर सोड. निकाहच्या दिवशी पाहुण्या नवरीचा हात तेवढ्याच अंतरावरून बघणार असतात.

स्केचपेनची परीक्षा

चित्र मोबाइलमध्ये असेपर्यंत खोटे मोठे दिसते. बोटांनी ताणले की पान पान सुटे होते, पण नवरीचा हात काही ताणता येत नाही. म्हणून पहिले काम हाताचे माप. भाचीने कागदावर पंजा ठेवला आणि आम्ही पेन्सिलने भोवती रेघ मारली. तळहात साडेसात सेंटीमीटर रुंद भरला, आणि मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंत साडेनऊ सेंटीमीटर. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा सेंटीमीटर मोकळा सोडला, तर कमानीला साडेसहा सेंटीमीटर रुंदी मिळते. छापून आणलेल्या चित्रात कमान नऊ सेंटीमीटरची होती. झेरॉक्सच्या दुकानात ७२ टक्के करायला सांगितले आणि चित्र हाताच्या खऱ्या मापाचे झाले.

त्या कागदावर भाची स्वतःच म्हणाली, "खाला, हे तर काळे फडके दिसतेय." आम्ही पट्टी ठेवून मोजले. फांद्यांच्या दाटीत एका सेंटीमीटरमध्ये चौदा रेघा येत होत्या. कोनाची नेहमीची रेघ साधारण एक मिलिमीटरची पडते, आणि दोन रेघांमध्ये निदान एका रेघेएवढी जागा लागते. म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये पाच रेघा. बारीक तोंडाचा कोन आणि सराईत हात असेल तर सात. त्याहून जवळ काढल्या तरी रात्रभरात रंग कातडीत थोडा आजूबाजूला सरकतो, मधली फट बुजते आणि सकाळी जाळीऐवजी डाग दिसतो. मेहंदी पातळ भिजवलेली असेल तर हे जास्तच होते.

प्रत्येक ठिकाणी पट्टी लावत बसायचे नसेल तर वर्गातली साधी युक्ती आहे. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि मुलांच्या साध्या स्केचपेनने नक्षी उतरवा. स्केचपेनची रेघही जवळपास कोनाएवढीच जाड असते. जिथे पेन पुढच्या रेघेला चिकटते, तिथे कोनही चिकटणार. पेनाने जे सुटे सुटे काढता आले तेवढेच ठेवायचे. या एका फेरीत निम्मी नक्षी गळून जाते आणि मुलीला ते आपल्या डोळ्यांनी दिसते, समजावत बसावे लागत नाही.

भाचीच्या चित्रात चाळीसहून जास्त फांद्या होत्या. आम्ही अकरा ठेवल्या. पाच डावीकडे, पाच उजवीकडे आणि एक सरळ शेंड्याला. हा आकडा मापातून आला. प्रत्येक फांदीचे टोक दीड वेढा घेऊन गोल वळते. एक मिलिमीटरची रेघ आणि एक मिलिमीटरची फट धरली, तर दीड वेढ्याला सात मिलिमीटर जागा लागते, आणि बाजूला दोन-तीन पाने म्हटली की एक सेंटीमीटर. कमानीत बुंधा सोडून असे अकरा गोळे मोकळेपणी बसतात. तेरा-चौदा कोंबता आले असते, पण मग पाने गेली असती, आणि पानांशिवाय ते झाड न वाटता लोखंडी फाटक वाटले असते.

दगडातल्या जाळीत फांद्या एकमेकींवरून जातात, आणि चित्रातही तसेच होते. कोनाने रेघेवर रेघ ओढली की तिथे मेहंदीचा गोळा होतो. म्हणून जिथे फांदी दुसऱ्या फांदीखालून जाते तिथे दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचे आणि पलीकडून पुन्हा सुरू करायचे. डोळा ती फट स्वतःच जोडून घेतो. अशा जागा आम्ही सहाच ठेवल्या आणि कागदावर लाल पेनने टिंब करून दाखवल्या.

मग चित्रातल्या छटा. चित्रात पान एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट होत जाते. मेहंदीत असा करडा रंग नसतो. कातडीवर मेहंदी लागते किंवा लागत नाही. त्यामुळे सगळ्या छटा तीन प्रकारांत बसवाव्या लागतात. गडद असेल तिथे पूर्ण भरायचे, मध्यम असेल तिथे एकाआड एक तिरप्या रेघा मारायच्या, फिकट असेल तिथे कोरे सोडायचे. आम्ही बुंध्याला तिरप्या रेघा दिल्या, कमानीची बाहेरची पट्टी भरीव केली आणि पाने नुसत्या दाबाची ठेवली. कोन दाबून ओढत सोडला की एकाच झटक्यात जाड बुडाचे आणि निमुळत्या टोकाचे पान पडते. बाह्यरेषा काढून आत रंग भरण्यापेक्षा हे तिप्पट लवकर होते. भाचीच्या मनात उलटे करायचे होते. झाड कोरे आणि मागची सगळी जागा मेहंदीने भरलेली. दिसायला ते सुरेख दिसते, पण कोऱ्या फांदीच्या दोन्ही कडांनी रंग आत सरकतो आणि एवढ्या बारीक फांद्या त्यात बुडून जातात. उलटी नक्षी करायची तर फांदी तीन-चार मिलिमीटर रुंद लागते, म्हणजे अकराच्या जागी चारच फांद्या.

नावे आणि आरसा

त्या चित्रात बुंध्याशी उर्दूसारखे काहीतरी लिहिलेले होते. लांबून नाव वाटायचे. जवळून पाहिले तर एकही अक्षर पुरे नव्हते. एक दामन सुटलेला जीम, एक नुक्ता हवेत, बाकी नुसती वळणे. एआयच्या चित्रांत उर्दूचे हे हाल नेहमी दिसतात, आणि मराठीचे काही फार वेगळे नसतात. ज्यांना उर्दू वाचता येत नाही त्या घरांत असे निरर्थक अक्षर जसेच्या तसे हातावर उतरते आणि वलीम्याच्या दिवशी एखादी बुजुर्ग खाला विचारते, 'बेटा, हे काय लिहिलेय?' म्हणून चित्रातली अक्षरे आधी खोडून टाकावीत, तिथे कोरी जागा ठेवावी आणि ज्याला लिहिता येते त्याच्याकडून नाव लिहून घ्यावे. हात धुताना, गुसलखान्यात, सगळीकडे सोबत असतो, म्हणून त्यावर आयत किंवा पाक नाव नसावे, हे वेगळे सांगायला नको. चित्रातली 'अरबी कलाकुसर' त्या नजरेनेही एकदा तपासावी.

नाव लिहिताना नुक्ते मोजावेत. कोनाचा सुटा ठिपका दीड मिलिमीटरचा होतो. शीनवरचे तीन नुक्ते सुटे राहायचे तर साडेचार मिलिमीटर रुंदी नुसत्या त्यांनाच हवी, म्हणजे सगळे अक्षर दीड सेंटीमीटर उंच झाले पाहिजे. नस्तालीकची बारीक वळणे कोनाला झेपत नाहीत. नस्खसारखे उभे, सरळ अक्षर निघते. जागाही बघून घ्यावी. तळहाताच्या ठळक घड्यांवर आणि मनगटाच्या घडीवर नाव किंवा बारीक जाळी ठेवू नये. मूठ थोडी मिटली तरी वाळलेली मेहंदी तिथूनच तडकून पडते. आम्ही दूल्ह्याचे नाव बुंध्याच्या बाजूला, अंगठ्याखालच्या फुगीर भागावर घेतले.

दुसऱ्या हातासाठी वेगळे चित्र बनवू नये. अॅपकडे दोन हात मागितले तर दोन्हींवरच्या फांद्या कधी जुळत नाहीत. एकच चित्रही दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, पण कागद मधोमध घडी घालून उजेडात धरला की फसवणूक उघडी पडते. एका बाजूला सहा पाने, दुसऱ्या बाजूला नऊ. आम्ही अर्धी कमान ठेवली, घडीवर उलटवून दुसरी अर्धी काढली, आणि पुरा झालेला ट्रेसिंग पेपर पालथा घालून दुसऱ्या हाताची नक्षी मिळवली. हे सगळे नाव लिहिण्याच्या आधी करायचे. नाव लिहिल्यावर कागद पालथा घातला तर दुसऱ्या हातावर ते आरशातल्यासारखे उलटे येईल.

मेहंदीवालीच्या हातात कागद

निकाहच्या दहा दिवस आधी आम्ही कागद घेऊन मेहंदीवालीकडे गेलो. तिने तो गुडघ्यावर ठेवला, कमानीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "आपा, झाड मी काढते. पण ही बोटांवरची भरण माझ्या हातची नाही. मला ही बसायला वेळ लागेल." बोटांवर चित्रात षटकोनी जाळी होती. तिला चौकोनी जाळी आणि तिच्यात ठिपका, हे डोळे मिटून येते. आम्ही षटकोन खोडले आणि त्या जागी नुसते लिहिले, 'इथे तुमची जाळी'. या संवादासाठीच लवकर जायचे असते. प्रत्येक मेहंदीवालीच्या हातात पाच-सहा भरणी बसलेल्या असतात आणि त्या ती बोलत बोलत काढते. नवी भरण दिली की ती प्रत्येक घराला थांबते, कागद बघते, पुन्हा टेकवते. रेघही थरथरते.

मग तिने कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवला आणि वरून कोनाने नक्षी काढून पाहिली. शिकाऊ मुली सराव असाच करतात. एक तळहात बोटांसकट पन्नास मिनिटांत झाला. हिशेब सोपा होता. दोन तळहातांना शंभर मिनिटे, मग दोन्ही हातांची मागची बाजू आणि मनगटाच्या वर चार बोटे. इशाची नमाज पढून साडेआठला बसले तर एक वाजला असता. फज्रच्या वुजूसाठी सुकलेली मेहंदी काढावीच लागते, कारण तिच्या थराखाली पाणी पोहोचत नाही. सगळ्यांत शेवटी लागलेल्या मेहंदीला जेमतेम पाच तास मिळाले असते, आणि रंग चांगला बसायला सहा ते आठ तास हवेत. वर घरातल्या आणखी सात जणी कोन येण्याची वाट बघत बसणार होत्या.

म्हणून कात्री पुन्हा चालवली. कमानीच्या बाहेरची दुसरी पट्टी काढली, बोटांची भरण दोन पेरांऐवजी टोकाच्या एकाच पेरावर आणली आणि खाली तळहात कोरा सोडला. फोल्डरवर दुसऱ्यांदा काढायला पस्तीस मिनिटे लागली. गंमत म्हणजे कोऱ्या जागेमुळे झाड आधीपेक्षा जास्त उठून दिसू लागले आणि भाचीनेही कुरकुर केली नाही. मेहंदीवालीने कागदावर आपल्या सोयीचे आकडे घातले. आधी कमान, मग बुंधा, मग अंगठ्याच्या विरुद्ध बाजूच्या फांद्या, म्हणजे ओल्या मेहंदीवर तिची करंगळी टेकणार नाही. हा क्रम तिनेच ठरवायचा असतो. त्यात आपण बोलू नये.

मनगटाची पट्टी आम्ही तिथेच मोजली. चित्रात समोरून सात कोयऱ्या दिसत होत्या, म्हणजे पूर्ण फेऱ्यात चौदा. भाचीच्या मनगटाचा घेर पंधरा सेंटीमीटर. चौदाने भागले तर एका कोयरीला एक सेंटीमीटरहून थोडे जास्त मिळते आणि शेवटची हमखास अर्धी कापली जाते. दीड सेंटीमीटरच्या दहा कोयऱ्या केल्या आणि फेरा बरोबर जुळला. दोऱ्याने घेर मोजायला अर्धे मिनिट लागते.

एक गोष्ट रंगाची. एआयच्या चित्रात मेहंदी जवळजवळ काळी दिसते, आणि मुली तोच रंग मागतात. शुद्ध मेहंदी काढल्या काढल्या केशरी असते आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होते, म्हणून ती निकाहच्या दोन रात्री आधी लावलेली बरी. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या कोनात बहुधा केसांच्या डायमधले पीपीडी हे रसायन असते. त्याने फोड येतात आणि कधी कधी कायमचे व्रण राहतात. काळ्या रंगासाठी कुणी हट्ट धरला तर चित्र दाखवायलाच नको.

हाताच्या मागच्या बाजूसाठी वेगळा कागद करावा लागतो. तिथली कातडी तळहातापेक्षा पातळ असते, म्हणून तीच मेहंदी तिथे फिकट रंगते आणि बारीक रेघ दोन दिवसांत अंधूक होते. आम्ही मागच्या बाजूला झाड घेतलेच नाही. तर्जनीपासून मनगटापर्यंत तिरपी जाणारी एकच वेल घेतली, पाच मोठी फुले, जाड पाकळ्या. ती उतरवताना स्केचपेनऐवजी मार्कर वापरला, म्हणजे रेघ दोन मिलिमीटरची धरली गेली. एआयने मागच्या हातासाठी दिलेले चित्र तळहातापेक्षाही बारीक होते, त्यातली फक्त वेलीची वाट कामाला आली. दोन्ही मागच्या बाजू चाळीस मिनिटांत झाल्या आणि साडेअकराच्या आत कोन भाचीच्या बहिणींच्या हाताला लागला.